थर्ड पार्टी की फुल इन्शुरन्स: 'यात काय कव्हर आहे?' या प्रश्नाचं उत्तर कसं शोधायचं

प्रश्न: सर, मी विमा विकण्यासाठीच्या पीओएसपी परीक्षेची तयारी करतेय आणि सोबत एका एजंटकडे कामाला बसतेय. थर्ड पार्टी आणि कॉम्प्रिहेन्सिव्ह यांच्या व्याख्या पाठ आहेत. पण कोणी अपघात सांगून 'यात काय कव्हर आहे?' असं विचारलं की मी गोंधळते. कोणाला काय मिळणार हे कसं ओळखायचं, सोप्या भाषेत सांगाल का?

उत्तर:

व्याख्या थोडा वेळ बाजूला ठेवा. समोरचा अपघात सांगायला लागला की आपण एकच गोष्ट शोधायची: नुकसान कोणाचं झालंय? मालकाच्या गाडीचं, मालकाच्या स्वतःच्या शरीराचं, की बाहेरच्या कोणाचं? या तिन्हींची उत्तरं पॉलिसीच्या तीन वेगळ्या भागांत असतात. बहुतेक गोंधळ होतो तो एका भागाचं उत्तर दुसऱ्या भागात शोधल्यामुळे.

खासगी कारची कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसी घ्या. पॉलिसीच्या कागदावर तिला पॅकेज पॉलिसी म्हणतात, लोक फुल इन्शुरन्स किंवा फर्स्ट पार्टी म्हणतात. तिचा पहिला भाग म्हणजे ओन डॅमेज, म्हणजे आपल्या गाडीचं नुकसान: अपघात, चोरी, आग, पूर, दंगल वगैरे. दुसरा भाग म्हणजे लायबिलिटी. आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं आणि कायद्याने ते भरून देणं आपल्यावर आलं, तर ते विमा कंपनी भरते. तिसरा भाग म्हणजे मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा, ज्याला आपण सीपीए म्हणतो. निव्वळ थर्ड पार्टी पॉलिसीत पहिला भाग नसतो, दुसरा असतो, आणि तिसरा जोडून घेतलेला असतो. फरक खरं तर एवढाच आहे. पण या एवढ्याशा फरकातून काय काय निघतं, ते एका अपघातावरच पाहू.

संतोष नावाचा एक काल्पनिक गाडीमालक धरू. त्याची ११९७ सीसीची पेट्रोल कार आहे, वय तीन वर्षं चार महिने. शिरवळजवळ सर्व्हिस रोडवर वळताना त्याचा अंदाज चुकला. स्कूटरवाल्याला धडक बसली आणि गाडी तशीच पुढे जाऊन एका दुकानाच्या शटरवर आदळली. स्कूटरवाल्याच्या मांडीचं हाड मोडलं, स्कूटरचा पुढचा भाग गेला, दुकानाचं शटर वाकलं. संतोषचा पाय मोडला. मागच्या सीटवर त्याचा मित्र बसला होता, त्याच्या डोक्याला मार लागला. कारचं बॉनेट, बंपर आणि पुढची काच गेली. चूक संतोषची, यात वाद नाही.

आता समजा त्याच्याकडे फक्त थर्ड पार्टी पॉलिसी आहे.

स्कूटरवाला सगळ्यात सोपा. विम्याच्या करारात पहिला पक्ष मालक, दुसरा विमा कंपनी, आणि हा तिसरा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १४६ ने जो विमा सक्तीचा केला आहे, तो याच माणसासाठी. त्याचा उपचाराचा खर्च, बुडालेली कमाई, पुढे अपंगत्व राहिलं तर त्याची भरपाई हे सगळं मोटार अपघात दावा न्यायाधिकरण ठरवतं आणि विमा कंपनी देते. मृत्यू किंवा शारीरिक इजेसाठी थर्ड पार्टीत रकमेची कमाल मर्यादा नाही. न्यायाधिकरण माणसाचं वय, उत्पन्न आणि त्याच्यावर अवलंबून असलेली माणसं पाहून आकडा काढतं, आणि तो पाच लाख असो की एक कोटी, कंपनीला द्यावा लागतो. 'थर्ड पार्टीत किती लाखांचं कव्हर आहे?' असं गिऱ्हाईक विचारतं तेव्हा उत्तर द्या: माणसाच्या बाबतीत मर्यादा नाही, मालमत्तेच्या बाबतीत आहे.

ती मर्यादा खासगी कारला साडेसात लाख आणि दुचाकीला एक लाख रुपये असते. संतोषच्या प्रकरणात स्कूटरची दुरुस्ती आणि दुकानाचं शटर दोन्ही या साडेसात लाखांत आरामात बसतात. पण शेड्यूल, म्हणजे पॉलिसीच्या तपशिलाचा कागद, नीट बघा. कार असेल तर लायबिलिटी प्रीमियममध्ये शंभर रुपयांची सूट घेऊन ही मर्यादा सहा हजारांवर आणता येते. दुचाकीला ही सूट पन्नास रुपये. काही जण प्रीमियम थोडा कमी दिसावा म्हणून हा पर्याय टिक करतात. माझं स्पष्ट मत आहे की हे कोणालाही करू देऊ नये. आजच्या अनेक गाड्यांचा एक हेडलाइटही सहा हजारांत येत नाही.

इथे परीक्षेत हमखास येणारा एक प्रश्न सांगून ठेवतो. मालकाने रिव्हर्स घेताना स्वतःच्याच बंगल्याचं फाटक पाडलं तर? फाटक मालकाचं आहे, म्हणजे ती तिसऱ्या पक्षाची मालमत्ता नाही, त्यामुळे लायबिलिटीत काही मिळत नाही. त्याच धडकेत गाडीचा मागचा बंपर फुटला असेल तर तो ओन डॅमेजमधून मिळतो, अर्थात तो भाग असेल तर. एकाच धडकेची दोन नुकसानं आणि दोन वेगळी उत्तरं, म्हणूनच आधी 'कोणाचं' हे विचारायचं.

संतोषची स्वतःची कार. थर्ड पार्टी पॉलिसीत तिच्यासाठी एक रुपयाही नाही. चोरीला गेली, जळली, पुरात वाहून गेली तरी नाही. हे गिऱ्हाइकाला पॉलिसी देतानाच सांगायचं, दुर्घटना झाल्यावर नाही. उलट चूक स्कूटरवाल्याची असती, तर संतोषला आपल्या गाडीचं नुकसान स्कूटरच्या थर्ड पार्टी विम्यातून मागता आलं असतं. कारण त्या पॉलिसीच्या दृष्टीने तिसरा पक्ष संतोष आहे.

आता मागच्या सीटवरचा मित्र. इथे भले भले चुकतात. तो मालक नाही, विमा कंपनी नाही, म्हणजे तिसराच पक्ष, असं आपल्याला वाटतं. पण खासगी गाडीत फुकट बसलेला प्रवासी किंवा दुचाकीवर मागे बसलेला माणूस सक्तीच्या थर्ड पार्टी पॉलिसीत धरला जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये दुचाकीच्या प्रकरणात सांगितलं. पॅकेज पॉलिसीची गोष्ट वेगळी. तिच्यात मागे बसलेला आणि कारमधले प्रवासी लायबिलिटी भागात येतात, असं विमा नियामकाने नोव्हेंबर २००९ च्या परिपत्रकाने स्पष्ट केलं आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हाच फरक कायम ठेवला. थोडक्यात, थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर मित्राच्या उपचाराचा बोजा संतोषच्या खिशावर येऊ शकतो, पॅकेज असेल तर तो कंपनीवर जातो. फुल इन्शुरन्स म्हणजे फक्त 'आपल्या गाडीच्या डेंटिंग-पेंटिंगचा विमा' असं लोक समजतात. गाडीत बायको, मुलं, आईवडील बसवणाऱ्या माणसाला हा दुसरा फरक कोणी सांगतच नाही. तो तुम्ही सांगा.

मात्र सांगताना एक खबरदारी घ्या. हे मेडिक्लेमसारखं नाही. मित्राला दवाखान्यात ही पॉलिसी दाखवून कॅशलेस उपचार मिळणार नाहीत. त्याला न्यायाधिकरणात दावा लावावा लागेल आणि चालकाची चूक दाखवावी लागेल. चूक सिद्ध न करता मिळणारी एक वेगळी वाट कायद्याच्या कलम १६४ मध्ये आहे, तिच्यात मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर इजेसाठी अडीच लाख अशी ठरलेली रक्कम असते. पण ती घेतली की त्याच अपघातासाठी मोठ्या रकमेचा दावा लावता येत नाही, म्हणून तो निर्णय वकिलाला विचारूनच घ्यायचा असतो. आपण त्यात पडायचं नाही.

राहिला संतोषचा स्वतःचा मोडलेला पाय. तो ना तिसरा पक्ष, ना त्याचा पाय गाडीचा पार्ट. त्याच्यासाठी फक्त तिसरा भाग, सीपीए. याची विमा रक्कम १५ लाख रुपये आहे, २०१८ पासून. गिऱ्हाइकाला 'तुमचा पंधरा लाखांचा अपघात विमा यात आहे' असं सांगितलं जातं आणि त्याला वाटतं की दवाखान्याचं बिल पंधरा लाखांपर्यंत मिळणार. तसं नाही. पूर्ण रक्कम मिळते ती मृत्यू झाला, दोन हात, दोन पाय किंवा दोन डोळे गेले, एक अवयव आणि एक डोळा गेला, किंवा अपघाताने माणूस कायमचा आणि पूर्ण निकामी झाला तर. एक अवयव किंवा एका डोळ्याची दृष्टी गेली तर निम्मी. संतोषचा पाय रॉड घालून तीन महिन्यांत जुळला, तो चालायला लागला, तर सीपीएतून शून्य. त्याचं ऑपरेशन त्याच्या आरोग्य विम्यातून.

आणि हे १५ लाख नेमके कोणासाठी? आरसीवर ज्याचं नाव आहे त्या मालकासाठी, तोही वैध लायसन्सधारक असेल तर. तो गाडी चालवत असताना, गाडीत चढता-उतरताना किंवा सहचालक म्हणून बसलेला असताना. आपल्याकडे गाडी वडिलांच्या नावावर आणि चालवतो मुलगा, हे घरोघरी असतं. मुलाचा स्वतःच्या चुकीने अपघात झाला तर सीपीए नाही, कारण तो मालक नाही. तिसरा पक्ष म्हणूनही काही नाही, कारण मालकाकडून गाडी मागून घेऊन चालवणारा मालकाच्याच जागी उभा असतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सांगितलंय. म्हणजे घरात सगळ्यात जास्त गाडी चालवणारा माणूसच सगळ्यात उघडा राहतो. अशा घराला मुलाच्या नावाने वेगळी वैयक्तिक अपघात पॉलिसी घ्यायला सांगा. मालकाकडे एकापेक्षा जास्त गाड्या असतील तर सीपीए एकदाच पुरतो, प्रत्येक गाडीला परत परत विकायचा नाही. गाडी कंपनीच्या नावावर असेल तर तो लागूच होत नाही. पगारी ड्रायव्हर असेल तर त्याच्यासाठी वर्षाला पन्नास रुपये प्रीमियमचं वेगळं कायदेशीर जबाबदारीचं कव्हर असतं, ते विसरू नका.

आता हाच अपघात, पण संतोषकडे पॅकेज पॉलिसी आहे. स्कूटरवाला आणि दुकान यांचं उत्तर तेच राहतं, मित्राचं बदलतं, संतोषच्या पायाचं तेच राहतं. गाडीचं मात्र पूर्ण बदलतं, आणि इथे हिशेब यायला हवा.

वर्कशॉपचं बिल झालं ९६,००० रुपये. जीएसटी सोयीसाठी बाजूला ठेवतो. त्यात बॉनेट, फेंडर आणि इतर पत्र्याचे भाग ४०,०००, बंपर, ग्रिल असे प्लॅस्टिकचे भाग २२,०००, पुढची काच ९,०००, रंगकाम १२,०००, मजुरी १३,०००. विमा कंपनी नवीन पार्टचे पूर्ण पैसे देत नाही, कारण जुना पार्ट जाऊन नवा बसतोय. म्हणून घसारा कापते, आणि तो कशाचा किती हे आधीच ठरलेलं आहे. रबर, नायलॉन, प्लॅस्टिक, टायर, बॅटरी यांना गाडी नवी असो की जुनी, ५० टक्के. काचेला काहीच नाही. पत्र्याच्या आणि इतर भागांना गाडीच्या वयानुसार: पहिले सहा महिने काही नाही, एक वर्षापर्यंत ५, दोनपर्यंत १०, तीनपर्यंत १५, चारपर्यंत २५, पाचपर्यंत ३५ टक्के, पुढे दहा वर्षांपर्यंत ४०, त्यानंतर ५०. मजुरीला घसारा नसतो. रंगकामाचं बिल एकत्र असेल तर त्यातला २५ टक्के हिस्सा रंगाच्या मालाचा धरतात आणि त्या हिश्श्यावर निम्मा कापतात.

संतोषची गाडी तीन ते चार वर्षांमधली, म्हणून पत्र्याचे ४०,००० मधून २५ टक्के म्हणजे १०,००० गेले. प्लॅस्टिकचे २२,००० मधून ११,००० गेले. काच पूर्ण मिळाली. रंगाच्या १२,००० मध्ये माल ३,००० चा, त्यातले १,५०० गेले. मजुरी पूर्ण. एकूण कपात २२,५००, उरले ७३,५००. त्यातून सक्तीची वजावट, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये मालकाने स्वतः सोसायची ठरलेली रक्कम, जी १५०० सीसीपर्यंतच्या कारला १,००० रुपये असते. कंपनी देणार ७२,५००, संतोषच्या खिशातून २३,५००. मोठ्या कारला ही वजावट २,००० असते.

हा हिशेब दोनदा स्वतःच्या हाताने कागदावर मांडा. एकदा तो कळला की झिरो डेप, ज्याला लोक बंपर टू बंपर म्हणतात, ते काय करतं हे वेगळं शिकावं लागत नाही. ते वरची २२,५०० ची कपात काढून टाकतं, पण १,००० ची वजावट तशीच राहते. नटबोल्ट, कूलंट, ऑइल यांसाठी वेगळं ॲड-ऑन, म्हणजे जादा प्रीमियम भरून जोडायचं कव्हर, लागतं. 'झिरो डेप घेतलंय म्हणजे मला एक पैसाही भरायचा नाही' ही समजूत वर्कशॉपच्या काउंटरवर भांडणात संपते. आजच्या गाड्यांच्या पुढच्या भागात किती प्लॅस्टिक असतं ते पाहिलं तर पाच वर्षांच्या आतल्या गाडीला झिरो डेप घ्यावं असंच मी सांगतो.

आता आयडीव्ही, म्हणजे गाडीची विमा किंमत. ती बाजारभावाने अंदाजे नाही, उत्पादकाच्या सध्याच्या छापील विक्री किमतीतून ठरलेला घसारा वजा करून काढतात: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, एक वर्षापर्यंत १५, दोनपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४०, पाचपर्यंत ५०. त्यापुढे कंपनी आणि मालक आपसांत ठरवतात. संतोषच्या मॉडेलची किंमत आठ लाख धरली आणि नूतनीकरणाच्या वेळी गाडी तीन वर्षांवर असली तर आयडीव्ही ४,८०,०००. गाडी चोरीला गेली तर हीच रक्कम, वजावट कापून. आणि दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपुढे, म्हणजे इथे ३,६०,००० च्या पुढे गेला, तर गाडी टोटल लॉस धरतात आणि दुरुस्तीऐवजी आयडीव्हीचा हिशेब होतो. टोटल लॉस आणि चोरीत वरचा पार्टचा घसारा पुन्हा लावत नाहीत. प्रीमियम कमी दिसावा म्हणून आयडीव्ही खाली आणून दिलेला कोट आकर्षक वाटतो, पण चोरीच्या दिवशी त्याची किंमत मोजावी लागते. दोन कंपन्यांचे कोट तुलनेला ठेवताना आधी आयडीव्ही सारखी आहे का ते बघा.

थर्ड पार्टीचा मूळ दर मात्र कंपनी ठरवत नाही, केंद्र सरकार नियामकाच्या सल्ल्याने ठरवतं. जून २०२२ च्या दरांनुसार हजार ते पंधराशे सीसीच्या खासगी कारला वर्षाला ३,४१६ रुपये. म्हणून 'आमची थर्ड पार्टी स्वस्त आहे' असं कोणी म्हणालं तर फरक दुसरीकडे कुठेतरी आहे, बहुधा ओन डॅमेज, ॲड-ऑन किंवा सीपीए काढून टाकलेला आहे. नो क्लेम बोनस, म्हणजे वर्षभर क्लेम न घेतल्याबद्दलची सूट, हीसुद्धा फक्त ओन डॅमेजच्या प्रीमियमवर मिळते: २०, २५, ३५, ४५, ५० टक्के अशा चढत्या क्रमाने. निव्वळ थर्ड पार्टीवर बोनस नसतो.

आता कागद हातात घ्या, कारण गिऱ्हाईक तोंडाने जे सांगतं ते अनेकदा कागदावर नसतं. 'माझा फुल इन्शुरन्स आहे' असं सांगणाऱ्याची पॉलिसी मागवा आणि शेड्यूलच्या पहिल्या पानावर प्रीमियमचा तक्ता शोधा. त्यात साधारणपणे दोन रकाने असतात, एक ओन डॅमेजचा आणि एक लायबिलिटीचा. ओन डॅमेजचा रकाना रिकामा किंवा शून्य असेल तर ती थर्ड पार्टीच आहे, वर नाव काहीही छापलेलं असो. मग विम्याचा कालावधी बघा, आणि तो दोन ठिकाणी बघा. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो. ओन डॅमेज मात्र बहुधा एकाच वर्षाचं असतं. म्हणून शेड्यूलवर थर्ड पार्टीची मुदत एक आणि ओन डॅमेजची दुसरी, अशा दोन तारखा दिसतात.

इथेच सगळ्यात जास्त माणसं फसतात. शोरूममधून बाइक घेतली, पाच वर्षांचा विमा काढून दिला, कागद डिक्कीत ठेवला. दुसऱ्या वर्षी ओन डॅमेज संपलं. ट्रॅफिक पोलिसाने अडवलं तरी कागद वैध दिसतो, कारण थर्ड पार्टी चालू असते. मालकाला वाटतं सगळं ठीक आहे. तिसऱ्या वर्षी बाइक चोरीला जाते आणि तेव्हा कळतं की चोरीचं कव्हर केव्हाच संपलंय. अशा माणसाला नवी पॅकेज पॉलिसी घ्यायची गरज नसते. सप्टेंबर २०१९ पासून स्वतंत्र ओन डॅमेज पॉलिसी मिळते, चालू थर्ड पार्टीच्या सोबत, आणि दुसऱ्या कंपनीकडूनही. ओन डॅमेज संपून ९० दिवस उलटले तर साठलेला नो क्लेम बोनस जातो, म्हणून ही तारीख तुमच्या वहीत वेगळी लिहून ठेवा.

क्लेम नाकारला जाण्याचा प्रश्न आला की दोन भागांत पुन्हा फरक करा. चालकाकडे वैध लायसन्स नव्हतं किंवा तो दारू प्यालेला होता, तर ओन डॅमेजचा क्लेम कंपनी नाकारते. पण स्कूटरवाल्याचा त्यात काय दोष? म्हणून न्यायालयं साधारणपणे कंपनीला आधी त्याला पैसे द्यायला लावतात आणि मग ते मालकाकडून वसूल करायची मुभा देतात. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये लायसन्सच्या प्रकरणांत ही भूमिका मांडली. त्यामुळे 'लायसन्स नसलं तर थर्ड पार्टी मिळतच नाही' हे उत्तर अर्धवट आहे. जखमीला बहुधा मिळतं, मालकाला मात्र ते पुढे स्वतःच्या खिशातून फेडावं लागू शकतं. खासगी कार भाड्याने प्रवासी वाहतुकीला वापरली, तरी वापराच्या मर्यादेचा भंग होतो आणि ओन डॅमेज अडचणीत येतं.

अपघातानंतर जागेवर मिटवामिटवी करायची आपल्याकडे सवय आहे. स्कूटरवाल्याला वीस हजार देऊन कागदावर सही घेतली, आणि मग कंपनीकडे ते वीस हजार मागितले, तर मिळत नाहीत. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय जबाबदारी कबूल करणं किंवा पैसे देणं हा पॉलिसीच्या अटीचा भंग आहे. संतोषने काय करायचं? जखमीला दवाखान्यात न्यायचं, पोलिसांना कळवायचं, कंपनीला कळवायचं, गाडी नुकसान तपासणाऱ्या सर्व्हेअरने पाहिल्याशिवाय खोलायला द्यायची नाही, आणि पुढे न्यायाधिकरणाची नोटीस आली तर ती त्याच दिवशी कंपनीकडे पोहोचवायची. ती नोटीस कपाटात ठेवणारे मालक फार असतात आणि त्यातून एकतर्फी निकाल लागतात.

पावसाळ्यात एक प्रश्न नक्की येईल. २०१९ च्या पुरात सांगली-कोल्हापुरात कित्येक गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या. पूर ओन डॅमेजमध्ये येतो, म्हणजे सीट, वायरिंग, स्वच्छता, पाण्याने बिघडलेले पार्ट यांचा विचार होतो. पण पाण्यात बुडालेली गाडी मालकाने सेल मारून चालू करायचा प्रयत्न केला, पाणी सिलिंडरमध्ये खेचलं गेलं आणि कनेक्टिंग रॉड वाकला, तर ते पुराने नाही, सेल मारल्यामुळे झालेलं परिणामी नुकसान धरतात. त्याला इंजिन प्रोटेक्टचं ॲड-ऑन लागतं. वर्कशॉपमध्ये इंजिन उघडल्यावर वाकलेला रॉड दिसतोच, त्यामुळे सर्व्हेअरला कारण कळायला वेळ लागत नाही. म्हणून गिऱ्हाइकाचा फोन आला की पहिलं वाक्य हेच सांगा: चावी फिरवू नका, टो करून न्या.

शेवटचा, जुन्या गाडीचा मुद्दा. गाडी विकली की थर्ड पार्टीचं संरक्षण कायद्याने आपोआप नव्या मालकाकडे जातं. ओन डॅमेज जात नाही. नव्या मालकाने हस्तांतरणापासून १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यायची असते. आरसी नव्या नावावर आणि पॉलिसी जुन्या नावावर अशा अवस्थेत गाडी ठोकली, तर स्कूटरवाल्याला मिळेल, गाडीला मिळणार नाही. आणि जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस गाडीसोबत जात नाही, तो माणसाचा असतो. त्याने कंपनीकडून बोनसचं पत्र घेतलं तर पुढच्या तीन वर्षांत घेतलेल्या नव्या गाडीला तो लावता येतो. जुनी कार घेऊन कोणी तुमच्या टेबलासमोर बसला तर आरसी आणि पॉलिसी शेजारी शेजारी ठेवा, दोन्हीकडचं नाव, इंजिन नंबर आणि चासिस नंबर बोटाने जुळवून पाहा, आणि नाव वेगळं दिसलं तर बाकी काही बोलण्याआधी बदलाचा अर्ज भरून घ्या.